जांघेतले गळू आणि दोन तोंडांचा काळा ठिपका

माझ्या डाव्या जांघेत पहिले गळू आले ते २०१२ सालच्या मे महिन्यात, आणि त्याचा सारा दोष घरात एकमताने आंब्यांवर टाकला गेला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आईने गव्हाच्या पिठाचे पोटीस बांधायला दिले, आजीने आंबा बंद केला, आणि आठव्या दिवशी ते गळू आपोआप फुटून वाहून गेले. उष्णतेने आले आणि उष्णता उतरल्यावर गेले, असा निष्कर्ष निघाला व विषय संपला. त्याच जागी, अगदी एका बोटाच्या अंतरात, पुढचे गळू डिसेंबरात आले. डिसेंबरात आमच्या ठाण्याच्या घरात आंबा नव्हता, ही गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही.

पुढची अकरा वर्षे हे असेच चालू राहिले. आधी दोनतीन दिवस कातडीच्या खोल आत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागायची. वर काहीही दिसत नसे, फक्त चालताना टोचत असे. मग ती सुपारीएवढी होई, वरची कातडी लालसर आणि ताणलेली दिसू लागे, आणि ठणका इतका वाढे की रात्री मांड्यांमध्ये उशी ठेवल्याशिवाय कूस बदलता येत नसे. राबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी हिशेब विभागात काम करते. ठाण्याहून सुटणाऱ्या पनवेल किंवा वाशी गाडीत मला बसायला जागा मिळत असे, पण अशा दिवसांत मी मुद्दाम दाराजवळ उभी राहत असे, कारण बसल्यावर मांडी दुमडते आणि घडीतली गाठ चेपली जाते. गळू फुटले की दुर्गंधीयुक्त पू येई आणि मी पाळी नसतानाही पॅड वापरत असे. जखम भरली की तिथे एक कठीण, काळपट वळ उरे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांना मी ही जागा कधी दाखवलीच नाही. टेबलाच्या या बाजूला बसून ‘मांडीला करट आलंय’ एवढेच सांगायचे, त्यांनी ‘बरं’ म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या लिहून द्यायच्या, असा आमचा अलिखित करार झाला होता. त्यांनी तपासण्याचा आग्रह धरला नाही आणि मला त्यामुळे सुटल्यासारखे वाटे. या गोळ्यांनी गुण येतो असा माझा पक्का समज होता. आता हिशेब मांडला की दिसते ते वेगळेच आहे. मी डॉक्टरांकडे जायचे ती दुखणे असह्य झाल्यावर, म्हणजे चौथ्यापाचव्या दिवशी. गोळ्या संपत त्या नवव्यादहाव्या दिवशी. आणि गळू तर पोटीस बांधले काय किंवा काहीच केले नाही काय, आठवड्यादीड आठवड्यात फुटतच असे. फुटल्यावर येणारा आराम गोळ्यांच्या नावावर जमा होत होता.

२०१९ मध्ये गळू जांघेतून थोडे आत सरकले आणि बाहेरच्या भगोष्ठाच्या कडेला आले, तेव्हा मी प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. मैत्रिणीने सांगितल्यामुळे मला तिथल्या ग्रंथीला सूज आली असावी असे वाटत होते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की बार्थोलिन ग्रंथीची गाठ योनीमार्गाच्या तोंडाशी खालच्या बाजूला येते आणि ही त्याच्या बरीच बाहेर, केस असलेल्या कातडीत आहे. तेव्हा हे काम सर्जनचे. सर्जननी त्याच दिवशी जागा बधिर करून चिरा दिला, पू काढला, आत औषधी कापडाची वात भरली आणि नमुना कल्चरला पाठवला. चिरा दिल्याक्षणी ठणका थांबला, ते सुख मी आजही विसरलेले नाही. चार महिन्यांनी नेमक्या त्याच व्रणाखाली पुन्हा गाठ आली. २०२२ मध्ये दुसऱ्या सर्जनकडे पुन्हा चिरा, पुन्हा वात, पुन्हा कल्चर. ‘स्वच्छता ठेवत जा,’ हा सल्ला दोन्हीकडे मिळाला. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या बाईला हा सल्ला ऐकताना काय वाटते, ते इथे लिहीत बसत नाही.

मध्यंतरी आणखी एका डॉक्टरांनी मांडीवरच्या बारीक पुळ्या पाहून ‘फॉलिक्युलायटिस’, म्हणजे केसांच्या मुळांचा दाह, असे निदान केले आणि वस्तऱ्याने केस काढणे थांबवायला सांगितले. हे निदान चुकीचे नव्हते. ते अपुरे होते, आणि अपुरे निदान चुकीच्या निदानापेक्षा जास्त दिवस टिकते, असा माझा अनुभव आहे. रेझर बंद केल्यावर मांडीवरच्या पुळ्या खरोखरच कमी झाल्या आणि त्यामुळे घडीतली गळवेही याच जातीची आहेत, माझ्याकडूनच कुठे तरी हलगर्जी होते आहे, असे मी आणखी दीड वर्ष समजत राहिले. त्यातच औषधाच्या दुकानातून ‘ताई, हे लावा, सगळ्याला चालतं’ म्हणून मिळालेले मिश्र मलम मी अधूनमधून लावत असे. त्यात बुरशीवरचे औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड असे तिन्ही एकत्र होते, आणि अशा मलमाने घडीतली कातडी पातळ होते, शिवाय केसांच्या मुळाशी पुळ्याही येतात, हे मला पुढे कळले.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याचे ठरले ते एका भलत्याच कारणाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीच्या रजेचा ताळा करताना मी स्वतःच्या आजारी रजा एका रकान्यात ओढल्या. गेल्या बारा महिन्यांत नऊ वेळा रजा, प्रत्येक वेळी एक किंवा दोन दिवस, आणि नऊही वेळा कारण तेच. सवयीने मी शेजारच्या रकान्यात पाळीच्या तारखा टाकल्या. नऊपैकी सात रजा पाळीच्या आधीच्या आठवड्यात पडत होत्या. जंतू कॅलेंडर पाहून येत नाहीत, एवढे मला विज्ञान न शिकताही कळत होते. तो कागद छापून मी जुन्या फायलीत घातला आणि नौपाड्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी प्रश्न विचारले. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा? कुठे कुठे? जागा बदलते की तीच असते? काखेत, छातीखाली, नितंबांवर कधी काही झाले आहे का? घरात इतर कोणाला एकाच सुमारास अशी गळवे आली होती का? सिगारेट, तंबाखू, मशेरी? घरात वडील, भावंडे यांच्यापैकी कोणाला असा त्रास? काखेचा प्रश्न मला गोंधळात टाकणारा होता, कारण उजव्या काखेत दोन वर्षांपूर्वी काखमांजरी झाली होती, पण तिचा आणि जांघेचा काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. ती मी वेगळ्या डॉक्टरांना, वेगळी तक्रार म्हणून दाखवली होती.

मग तपासणी झाली. खोलीत मदतनीस बाई होत्या, पडदा ओढलेला होता, वर चांगला उजेड होता, आणि अकरा वर्षांत प्रथमच कोणी तरी ही संपूर्ण जागा निवांतपणे पाहत होते. डॉक्टरांनी हातमोजा घातलेल्या बोटाने मांडीच्या आतल्या, घडीपासून चार बोटे दूर असलेल्या भागावर टेकवून सांगितले, ‘हे आरशात बघा.’ तिथे साबुदाण्याहूनही लहान अशा तीनचार पिवळट पुळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक केस उभा होता. ‘ही फॉलिक्युलायटिस. वरवरची आहे, खाजते, आठवडाभरात जाते, मागे खूण ठेवत नाही, आणि कुठेही उगवते. आज इथे, उद्या तिथे.’ मग त्यांनी बोट घडीत सरकवले. ‘आणि हा वेगळा आजार आहे. दोन्ही तुम्हांला एकाच वेळी आहेत, म्हणून घोटाळा झाला.’

त्या घडीत काय होते ते मी आरशात पाहिले आणि नीट लक्षात ठेवले. जुन्या व्रणाच्या बाजूला दोन काळे ठिपके अगदी एकमेकांना खेटून बसले होते, नाकावर असतात तसे, पण मोठे आणि जोडीने. डॉक्टरांनी कातडी थोडी ताणल्यावर दिसले की ते दोन नाहीतच. वरून दोन तोंडे, आत एकच नळी. आपण साध्या मुरमाच्या ठिपक्याला एकच तोंड पाहतो. ही जुळी तोंडे या आजाराची खूण आहे, आणि दोन गळवांच्या मधल्या काळात, जेव्हा दुखत काहीच नसते, तेव्हाही ती तिथेच असते. म्हणजे मी इतकी वर्षे गळू आल्यावरच डॉक्टरांकडे धावत होते, आणि निदान करून देणारी खूण मात्र गळू नसतानाही तपासून घेता आली असती.

पुढची गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी होती. व्रणापासून वरच्या दिशेने कातडीखाली एक दोरीसारखी, साधारण दोन इंचांची वळकटी त्यांनी बोटाखाली फिरवली आणि तिच्या एका टोकावर हलकेच दाबले. दुसऱ्या टोकाला असलेल्या, मला साधा खळगा वाटणाऱ्या जागेतून पुवाचा एक थेंब बाहेर आला. दाबले इथे आणि पू तिथे. ‘आत भुयार तयार झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘करटाला भुयार नसतं. ते एका जागी पिकतं, एका तोंडाने फुटतं आणि भरून येतं.’

आजाराचे नाव हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. या नावाचा शब्दशः अर्थ घामाच्या ग्रंथींचा पिकणारा दाह असा होतो, आणि तो चुकीचा आहे. हा आजार काख, जांघ, छातीखालची घडी, नितंब अशा घाम येणाऱ्या जागीच दिसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात व्हर्नोय या फ्रेंच सर्जनने त्याचा संबंध घर्मग्रंथींशी जोडला आणि नाव चिकटले ते चिकटलेच. प्रत्यक्षात सुरुवात केसाच्या मुळाच्या पिशवीत होते. तिचे तोंड कातडीच्या मृत पेशींच्या गुठळीने बुजते, आत माल साठत जाऊन पिशवी फुगते आणि शेवटी बाहेर न फुटता कातडीच्या आतच फुटते. केसांचे तुकडे आणि मृत पेशी तिथल्या मांसल भागात सांडतात आणि शरीर त्यांच्यावर परक्या वस्तूसारखे तुटून पडते. त्यातूनच गाठ, ठणका आणि पू. जंतू तिथे येतात, पण बहुधा मागाहून. फॉलिक्युलायटिसमध्ये गोष्ट उलटी असते: जंतू किंवा वस्तऱ्याची इजा आधी, आणि दाह पिशवीच्या तोंडापाशीच, वरवर. म्हणून एकात साधे औषध पुरते आणि दुसऱ्यात पाच दिवसांचा कोर्स वाया जातो.

जंतूंचाच मुद्दा निघाला म्हणून त्यांनी आता फाइल उघडली. २०१९ च्या पुवाच्या अहवालावर ‘४८ तासांत वाढ नाही’ असे होते. मी म्हटले, म्हणजे जंतू नव्हतेच ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. नमुना देण्याआधी मी तीन दिवस अँटिबायोटिक घेत होते, तेव्हा त्या अहवालाला फारसा अर्थ नाही. औषधाखाली जंतू वाढत नाहीत. २०२२ चा अहवाल मात्र कामाचा होता, कारण त्या वेळी मी कोणतीही गोळी घेतली नव्हती. त्यात कातडीवर एरवीच राहणारे दोनतीन किरकोळ जंतू मिसळून आले होते. खऱ्या करटातल्या पुवात बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एकच जंतू जोमाने वाढलेला मिळतो, आणि तो घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. नाकात ठाण मांडून बसतो, म्हणून अशा रुग्णाच्या नाकात लावायला मलमही देतात. आमच्या घरात माझ्याखेरीज त्या काळात कोणालाही गळू आले नव्हते. हा अहवाल वर्षभर फायलीत पडून होता, आणि मला वाटते, ‘घाबरण्यासारखे काही नाही’ या एका वाक्यावर त्याची वासलात लागली होती.

तरीही त्यांनी निदान तिथेच बंद केले नाही. आपल्याकडे जांघेत वाहणारी जुनी जखम म्हटली की क्षयरोगाची शक्यता तपासावीच लागते, कारण गाठीचा क्षय कातडीतून असाच फुटून वाहतो. त्याची गाठ सहसा फारशी दुखत नाही, माझी दुखत होती. पण अंदाजावर भागणार नव्हते. म्हणून भुयाराच्या तोंडाकडचा छोटा तुकडा बायोप्सीला गेला, पू क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला गेला आणि छातीचा एक्स-रे झाला. तिन्हींत क्षय नव्हता. रक्तातली साखर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ५.६ टक्के निघाली, तेव्हा मधुमेहही नव्हता. पोटाचे प्रश्नही विचारले गेले: वारंवार जुलाब, शौचातून रक्त, गुदद्वाराजवळ भगंदर, कारण आतड्याचा क्रोन नावाचा आजार या दुखण्यासोबत असू शकतो आणि तोही याच परिसरात भुयारे करतो. तसे काही नव्हते. मात्र वजन ७४ किलो होते, आणि ते माझ्या उंचीला बरेच जास्त आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

घरी आल्यावर मी वडिलांना फोन केला. त्यांना काखेत गळवे यायची हे मला लहानपणापासून ठाऊक होते. काखमांजरी झाली की ते सदऱ्याची बाही कापून घालत. रविवारी मी गेले तेव्हा त्यांना हात वर करायला सांगितले. ‘आता काय बघतेस, तीस वर्षं झाली त्याला,’ असे म्हणत त्यांनी बनियनची बाही सरकवली. काखेत दोऱ्यांनी विणल्यासारखे आडवे व्रण होते आणि त्यांच्या मधोमध तोच जुळा काळा ठिपका. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांच्या जवळच्या नात्यात तो सापडतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण ते आपल्या बापाच्या काखेत दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. वडील तंबाखू आणि विडी दोन्ही घेत असत. धूम्रपान आणि हा आजार यांची सोबत फार जुनी आहे. मी कधी ओढलेली नाही, म्हणजे ते एकमेव कारण नाही हेही उघड झाले.

उपचाराबद्दल डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले की आजार मुळापासून जाईल असे वचन त्या देणार नाहीत. गळवांची संख्या आणि तीव्रता कमी करणे आणि नवी भुयारे होऊ न देणे हे ध्येय. या आजाराच्या तीव्रतेच्या तीन पायऱ्या मानतात. भुयार नसलेली गळवे ही पहिली, एकमेकांपासून सुटी असलेली भुयारे आणि व्रण ही दुसरी, आणि सगळा भाग भुयारांनी जोडला गेला की तिसरी. मी दुसरीत होते. वेळेवर आले असते तर पहिलीत असते, हे त्या बोलल्या नाहीत. मीच मनात म्हटले.

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा आठवडे, असे लिहून मिळाले. पाच दिवसांची सवय असलेल्या मला बारा आठवडे ऐकून धक्का बसला. हे औषध इथे जंतू मारण्यापेक्षा दाह शमवण्यासाठी वापरतात, म्हणून मुदत लांब. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायचे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही; एकदा रात्री घाईने घोटभर पाण्यासोबत घेऊन मी झोपले आणि दोन दिवस छातीच्या मध्यभागी घास अडकल्यासारखे दुखत राहिले. गरोदरपणात ते चालत नाही, ते आधीच विचारून घेतले होते. सोबत क्लिंडामायसिनचे एक टक्का लोशन दोन वेळा आणि अंघोळीच्या वेळी बेंझॉइल परॉक्साइडचे वॉश, दोन मिनिटे ठेवून धुवायचे. हे वॉश कापडाचा रंग उडवते, हे मला सांगितले गेले नव्हते, की मी ऐकले नव्हते. नवऱ्याच्या निळ्या टॉवेलवर पांढरे नकाशे उमटले तेव्हा कळले. मिश्र मलम कचऱ्यात गेले. घडीत वस्तरा आणि वॅक्सिंग कायमचे बंद झाले. केस कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करायचे. नायलॉनच्या घट्ट कपड्यांऐवजी सैल सुती कपडे आले.

बारा आठवड्यांत तीन गळवे आली, पण ती सुपारीएवढी न होता वाटाण्यावरच थांबली. एक मात्र चढू लागले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी गाठीत ट्रायॲमसिनोलोन या स्टिरॉइडची बारीक सुई दिली. सुई टोचताना डोळ्यांतून पाणी आले, पण दोन दिवसांत ठणका गेला आणि गाठ न फुटता विरली. त्याच मलमातल्या स्टिरॉइडने माझे नुकसान केले होते ना, असे मी विचारले. ‘ते तुम्ही वरून महिनोनमहिने चोपडत होता. हे एकदाच, आत, मोजून,’ असे उत्तर मिळाले. गळू नक्की जंतूंचेच असेल, किंवा ताप आणि पसरत जाणारी लाली असेल, तर मात्र ही सुई देत नाहीत. तेव्हा थेट दाखवायला यायचे.

जुने भुयार औषधांनी हलले नाही आणि हलणारही नव्हते. त्याच्या आतल्या भिंतीला कातडीसारखे अस्तर येते, म्हणून त्या भिंती एकमेकींना चिकटून बंद होत नाहीत. माझे दोन्ही चिरे का फसले, ते मला इथे समजले. चिऱ्याने पिशवीतला पू निघतो, पिशवी आणि भुयार तिथेच राहतात. वेदना असह्य असताना चिरा देणे चूक नाही, पण तो सुटकेचा उपाय आहे, आजारावरचा नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भुयाराचे छत काढण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली. जागा बधिर करून डॉक्टरांनी एका तोंडातून बोथट सळई आत घातली. ती अलगद सरकत दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. मग सळईवरची कातडी, म्हणजे भुयाराचे छत, तेवढेच कापून काढले आणि तळ तसाच ठेवला. आतला जेलीसारखा गुळगुळीत थर खरवडून काढला. आणखी एखादी फांदी तर नाही ना, हे पाहण्यासाठी सळई कडेकडेने फिरवली आणि एक अर्ध्या इंचाची फांदी सापडलीच. तिचेही छत गेले. टाके घातले नाहीत. उघडी जखम तळापासून भरून येऊ द्यायची, कारण वरून शिवले तर आत पुन्हा पोकळी राहते. वीसपंचवीस मिनिटांचे काम होते.

जखम भरायला पाच आठवडे लागले. पहिले तीन दिवस लघवी लागल्यावर भीती वाटे. पातेलीभर कोमट पाणी सोबत ओतत गेले की जळजळ कमी होते, ही युक्ती मदतनीस बाईंनी सांगितली. जखमेला चिकटणार नाही अशी व्हॅसलिनची जाळी, वर पॅड, आणि रोज एकदा बदल. दहा दिवस रजा घेतली. मग रिक्षाने, आणि तिसऱ्या आठवड्यापासून गाडीने. चिऱ्यानंतर जखम तीन आठवड्यांत वरून बंद व्हायची आणि आतून कुरकुरत राहायची. ही सावकाश भरली, पण आज तिथे बोट फिरवले तर सपाट, फिकट व्रण लागतो आणि दोरी लागत नाही.

एवढ्याने भागले नाही तर पुढे काय, हेही विचारून ठेवले आहे. क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन यांची जोडी दहाबारा आठवडे देतात. पण रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध असल्यामुळे आमच्या डॉक्टर ते हात राखून वापरतात. त्यापुढे शरीराची प्रतिकारशक्ती दाबून दाह रोखणारी अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने आहेत. ती भारतातही तयार होतात, तरी स्वस्त नाहीत आणि सुरू करण्याआधी दडून बसलेला क्षय पुन्हा शोधावा लागतो. माझे वजन आता ६९ किलो आहे. त्याने नेमका किती फरक पडला ते सांगता येणार नाही, पण घडीतले घासणे कमी झाले आहे.

ऑगस्टमध्ये उजव्या जांघेत, जिथे आजवर काहीच नव्हते, तिथे वाटाणा लागला. पाळीला पाच दिवस होते. मी पोटीस बांधले नाही, दाबले नाही, दुसऱ्या दिवशी नौपाड्यात जाऊन सुई घेतली. रकान्यात तारीख टाकली आणि शेजारी ‘उजवी, नवी जागा, फुटले नाही’ असे लिहिले. वडिलांच्या नावाचा एक रकाना त्याच पानावर आहे. त्यांची पहिली वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे, आणि ते अजून ‘या वयात काय दाखवायचं’ असेच म्हणत आहेत.